आईचं नाव लिहिण्याआधी फाईलमधली कोर्टाची ऑर्डर वाचा

कोल्हापूर आणि जिल्ह्यातल्या सगळ्या प्रसूतीगृहांत, हॉस्पिटलांत जन्माचा फॉर्म भरणाऱ्या ताई-दादांना, वॉर्डातल्या सिस्टरना आणि त्या फॉर्मवर सही करणाऱ्या डॉक्टरसाहेबांना,

नमस्कार. माझं बाळ आता नऊ महिन्यांचं झालंय, बसायला लागलंय, हातात येईल ते तोंडात घालतंय. हे पत्र त्याच्या जन्मदाखल्याबद्दल आहे. त्यातली एक ओळ चुकली आणि ती दुरुस्त करून घ्यायला आम्हाला चार महिने लागले. हॉस्पिटल कुठलं, कुठल्या गावातलं ते मी सांगणार नाही, कारण तिथल्या कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण सरोगसीनं बाळ झालं की नेमकी कुठं चूक होते ते आता मला पाठ झालंय, आणि ती चूक फॉर्म भरतानाच पाच मिनिटांत टाळता येते. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

आधी आमचं सांगते. २०१९ ला माझी पहिली डिलिव्हरी झाली, रक्तस्राव काही केल्या थांबेना, शेवटी जीव वाचवायला पिशवी काढावी लागली. बाळ एक दिवसही राहिलं नाही. स्त्रीबीजाशय मात्र ठेवले होते, म्हणजे बीज माझंच मिळणार होतं, फक्त वाढवायला जागा नव्हती. पुढं माझी मावसबहीण, इचलकरंजीला दिलेली, तिची दोन मुलं शाळेत जातात, ती स्वतः म्हणाली की अक्का मी वाढवते तुझं बाळ. दाजी दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, कायद्यानं होत असेल तर माझी ना नाही. कायद्यानं व्हायचं म्हणजे काय असतं ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

सरोगसीचा कायदा २०२१ चा, लागू झाला २५ जानेवारी २०२२ ला. पैसे घेऊन सरोगसी बंद झाली, सरोगेटला फक्त दवाखान्याचा खर्च, विमा आणि नियमात बसेल तेवढंच. आणि एम्ब्रियो ट्रान्सफरच्या, म्हणजे गर्भ सरोगेटच्या पिशवीत सोडायच्या, आधी कागदांची एक रांग पुरी व्हावी लागते. आम्ही सिव्हिल सर्जनकडं अर्ज केला, जिल्हा वैद्यकीय मंडळानं माझे ऑपरेशनचे कागद, सोनोग्राफी बघून सरोगसीची गरज आहे असं प्रमाणपत्र दिलं. बहिणीच्या नावानं ३६ महिन्यांचा विमा काढला. ती पंचवीस ते पस्तीसमधली, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, आधी कधी सरोगेट न झालेली आहे याचं वेगळं प्रमाणपत्र, आमचं नवराबायकोचं वेगळं. या सगळ्यात एक कागद असा आहे की बाळाचे आईबाप कोण हे तोच ठरवतो, आणि हॉस्पिटलात नेमका तोच कुणी वाचत नाही. तो म्हणजे मॅजिस्ट्रेटची ऑर्डर.

ही ऑर्डर बाळ पोटात यायच्याही आधी होते, हे खूप जणांना माहीत नसतं. अर्ज आम्ही दोघं आणि बहीण असा तिघांनी मिळून करायचा असतो, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं किंवा त्यावरच्या कोर्टात. आमचा कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात होता. साहेबांनी बहिणीला स्वतः विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का, बाळ जन्मल्यावर ते यांचं असणार हे तुम्हाला कळलंय का. ती पदर नीट करत म्हणाली, साहेब बाळ अक्काचंच आहे, मी नुसतं सांभाळणार. मी मागच्या बाकावर रडत होते. मग ऑर्डर झाली, होणाऱ्या बाळाचं पालकत्व आणि ताबा आमच्या दोघांकडं. आणि कायद्याच्या कलम ४ मध्ये सरळ लिहिलंय की बाळ जन्मल्यावर हीच ऑर्डर जन्माचं प्रतिज्ञापत्र म्हणून धरायची. म्हणजे तुमच्या फॉर्मसाठी लागणारा पुरावा आम्ही पहिल्या दिवशीच फाईलला लावलेला असतो. कलम ८ म्हणतं की सरोगसीनं झालेलं बाळ हे त्या जोडप्याचं जैविक अपत्यच मानायचं, पोटच्या मुलाला जे हक्क तेच सगळे त्याला.

एवढं असून चूक झाली कशी, ते सांगते.

ट्रान्सफर १० जानेवारी २०२५ ला झालं, पाच दिवसांचा गर्भ होता, त्या हिशोबानं २६१ दिवस धरले की तारीख येते २८ सप्टेंबर. बाळ आलं ८ सप्टेंबरला, विसर्जनानंतर दोनच दिवसांनी, सदतीस आठवडे आणि एक दिवस भरलेले, सिझर. ॲडमिट करताना बहिणीचं नाव, बहिणीचं आधार, तिच्या सिझरच्या संमतीवर तिची सही. हे सगळं बरोबर होतं आणि असंच व्हायला पाहिजे, ऑपरेशन तिच्या अंगावर होणार, संमती तिचीच. धावपळीत नातेवाईक म्हणून सही माझ्या नवऱ्यानं केली कारण दाजी गाडी लावायला गेले होते. बाळाच्या पायाला जी पट्टी बांधतात त्यावर बहिणीचं नाव. लेबर रूमच्या रजिस्टरात बहिणीचं नाव. चौथ्या दिवशी जन्माचा फॉर्म भरणाऱ्या दादांनी रजिस्टर उघडलं, तिथलं आईचं नाव उचललं, बापाच्या नावासाठी केस पेपरवरची नातेवाइकाची सही बघितली, आणि फॉर्म ऑनलाइन गेला.

सतरा दिवसांनी दाखला हातात आला. आईच्या रकान्यात माझी बहीण आणि वडिलांच्या रकान्यात माझा नवरा.

मी तो कागद स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यामागं ठेवला, तीन दिवस कुणाला दाखवला नाही. सासूबाईंना तर नाहीच. त्या कागदाचा अर्थ आपल्या गावात कुणीही काय काढेल ते तुम्हाला सांगायला नको. दाजींनी पुढं तो बघितला तेव्हा काही बोलले नाहीत, फक्त दुरुस्त होईस्तोवर आमच्या घरी आले नाहीत. ज्या माणसानं मोठ्या मनानं हो म्हटलं त्याच्यावर ही वेळ यावी याचं मला अजून वाईट वाटतं.

आता यातली खरी गाठ. लेबर रूमचं रजिस्टर आणि जन्माचा फॉर्म हे दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. रजिस्टर सांगतं डिलिव्हरी कुणाची झाली. फॉर्म विचारतो बाळाचे आईबाप कोण. शंभरातल्या जवळजवळ सगळ्या केसमध्ये दोन्ही उत्तरं एकच असतात म्हणून तुमचा हात आपोआप वरनं खाली उतरवून घेतो, त्यात तुमची सवय आहे, चूक नाही. पण सरोगसीच्या केसमध्ये ही दोन उत्तरं वेगळी असतात आणि दोन्ही खरी असतात. म्हणून पायाच्या पट्टीवर बहिणीचं नाव असू दे, बाळ आणि बाळंतीण जुळवायला तेच पाहिजे, बाळांची अदलाबदल टळते ती त्याच्यामुळंच. रजिस्टरातही तिचंच नाव पाहिजे. फक्त जन्माच्या फॉर्मवर आई आणि वडील या दोन ओळी लिहिताना रजिस्टर बाजूला ठेवायचं आणि कोर्टाची ऑर्डर समोर घ्यायची. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

मग काही लोक शॉर्टकट सांगतात, आम्हालाही सांगितला होता, आणि सांगणारा माणूस हॉस्पिटलशी संबंधितच होता. की सरोगेटला सरळ तुमच्याच नावानं ॲडमिट करा, तुमचं आधार द्या, म्हणजे रजिस्टरातही तुमचं नाव, दाखल्यावरही तुमचं, कटकट नको. कृपा करून असं कुणाला कधी सुचवू नका आणि कुणी मागितलं तर करू नका. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, बहिणीचा बी पॉझिटिव्ह. माझ्या जुन्या फाईलवरनं कुणी रक्तगट वाचला असता, किंवा माझ्या ऑपरेशनची नोंद बघून पिशवीच नाही असं समजून बसला असता, तर टेबलावर ती होती, मी नाही. पुन्हा तिचा विमा तिच्या नावाचा आहे, बाळंतपणानंतर काही झालं तर ३६ महिने त्यावर खर्च मिळायचा, पण डिस्चार्ज कार्डावर तिचं नावच नसेल तर विमा कंपनी विचारणार, ह्यांची डिलिव्हरी झाली कधी? म्हणजे जिनं आपल्यासाठी पोट दिलं तिचीच सोय आपण काढून घेतली.

आणि शॉर्टकटचं तिसरं नुकसान असं की साखळी तुटते. ही साखळी मला आमच्या वकील मॅडमनी समजावली, ती तुम्हीही समजून घ्या, मग फॉर्म भरताना शंका राहणार नाही. ऑर्डर बाळाच्या जन्माआधी झालेली असते म्हणून तिच्यात बाळाची जन्मतारीख नसते, मुलगा की मुलगी नसतं, काहीच नसतं. मग हीच ऑर्डर ह्याच बाळाची, हे कशावरनं? तर ऑर्डरमध्ये सरोगेटचं नाव असतं. क्लिनिकच्या पत्रात त्याच नावाच्या बाईला अमुक तारखेला ह्या जोडप्याचा गर्भ सोडला असं असतं. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर त्याच नावाच्या बाईची अमुक तारखेला डिलिव्हरी असते. ट्रान्सफरची तारीख आणि जन्माची तारीख यांचा हिशोब जुळतो. म्हणजे ऑर्डर आणि बाळ यांच्यामधला पूल म्हणजे सरोगेटचं खरं नाव. ती खऱ्या नावानं ॲडमिट झाली तरच आम्ही आईबाप आहोत हे कागदावर सिद्ध होतं, खोट्या नावानं झाली तर आमची चांगली ऑर्डर हवेत लोंबकळत राहते.

नावावरनंच अजून एक. बहिणीच्या आधारवर अजून माहेरचं नाव होतं, रेशनकार्डावर आणि बाकी सगळीकडं सासरचं. वकील मॅडमनी अर्जातच दोन्ही नावं घालायला लावली, अमुक उर्फ तमुक, त्यामुळं ऑर्डरमध्ये दोन्ही आली. तेव्हा मला ते उगाच वाटलं होतं. हॉस्पिटलनं आधार बघून माहेरचं नाव घेतलं, क्लिनिकच्या कागदांवर सासरचं होतं, आणि ऑर्डरमध्ये दोन्ही होती म्हणून दोघी एकच हे दाखवायला वेगळं प्रतिज्ञापत्र लागलं नाही. जी जोडपी अजून कोर्टात जायची आहेत त्यांनी हे एवढं बघाच, आणि अर्जात बाळ किंवा बाळं असं लिहून घ्या, जुळी झाली तर दुसऱ्या बाळाचं काय हा प्रश्न यायला नको.

आता दुरुस्तीचं. आम्हाला वाटलं चूक स्पष्ट आहे, ऑर्डर आहे, दाखवली की दोन दिवसांत नवीन दाखला मिळेल. पण जन्माची नोंद एकदा रजिस्टरला चढली की ती खोडता येत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १५ असं आहे की मूळ नोंद आहे तशीच ठेवायची आणि समासात दुरुस्तीची नोंद करून निबंधकानं तारीख घालून सही करायची. स्पेलिंगची चूक असेल तर सोपं असतं. इथं आईच बदलायची होती, म्हणजे मजकुरातली चूक. त्यासाठी खरी हकीकत माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांची घोषणापत्रं लागतात. त्याशिवाय कोर्टाच्या ऑर्डरची सही-शिक्क्याची नक्कल, झेरॉक्स नाही. क्लिनिकचं पत्र. डिस्चार्ज कार्ड. आणि हॉस्पिटलचं लेटरहेडवरचं पत्र की फॉर्म भरताना आमच्याकडनं चूक झाली.

सगळ्यात जास्त वेळ ह्या शेवटच्या पत्रानं खाल्ला. घोषणापत्रं एका दिवसात झाली, माझी मोठी नणंद आणि क्लिनिकच्या मॅडम. पण हॉस्पिटलचं पत्र मिळायला साडेनऊ आठवडे गेले. चूक झाली असं लिहून द्यायला लोक घाबरतात, वाटतं केस होईल, चौकशी लागेल. पहिल्यांदा जे पत्र मिळालं त्यात लिहिलं होतं की नातेवाइकांनी दिलेल्या माहितीप्रमाणे फॉर्म भरला. ते पत्र घेऊन गेलो असतो तर चूक आमचीच ठरली असती, आणि उलट प्रश्न आला असता की मग तेव्हा तुम्ही खरी माहिती का नाही दिली. परत गेलो. मग दुसरं पत्र, त्यात ऑर्डरचा नंबरच नव्हता. तिसऱ्या खेपेला मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः बसल्या, फाईल उघडली, ऑर्डर पहिल्यांदा वाचली, आणि म्हणाल्या, अहो ही तर पहिल्यापासनं इथंच होती. त्यांनीच चार ओळींचं पत्र लिहून दिलं, की ह्या ऑर्डरप्रमाणे आईवडील अमुक, फॉर्म भरताना प्रसूती रजिस्टरवरनं नाव घेतल्यानं चूक झाली, दुरुस्ती करावी. तेच चाललं.

तुमच्याकडं अशी चूक झालीच तर एवढं चार ओळींचं पत्र त्याच आठवड्यात द्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि पत्र जितकं उशिरा तितका लोकांना संशय येतो.

ह्या मधल्या काळात काय झालं तेही सांगते. पाच वर्षांखालच्या बाळाचं आधार काढायला जन्मदाखला लागतो आणि सोबत आई किंवा वडिलांचं आधार. माझं चालेना कारण दाखल्यावर मी नव्हतेच. नवऱ्याचं चाललं असतं, पण मग त्या चुकीच्या दाखल्यावर अजून एक सरकारी कागद उभा राहिला असता, म्हणून वकील मॅडम म्हणाल्या थांबा. नवऱ्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बाळाचं नाव घालायचं होतं, तिथं बायको म्हणून माझं नाव आणि दाखल्यावर दुसरीचं, तेही अडकलं. १ ऑक्टोबर २०२३ पासनं जन्मलेल्या मुलांना शाळा, मतदार यादी, लायसन, सरकारी नोकरी, सगळीकडं जन्मतारीख आणि जागेचा पुरावा म्हणून हाच एक दाखला लागणार आहे. पूर्वी एखादी चूक शाळेच्या दाखल्यावर भागून जायची, आता तसं राहिलं नाही.

ज्यांनी आम्हाला मनापासून सल्ले दिले त्यातल्या दोन सल्ल्यांबद्दल लिहिते, कारण हे सल्ले तुमच्या काउंटरवरनंही दिले जातात. एक म्हणजे दत्तकपत्र करा, बहिणीकडनं दत्तक घेतलं म्हणून रजिस्टर करा. दिसायला सोपं. पण दत्तक घेतलं म्हणजे बाळ आधी तिचं आणि दाजींचं होतं हे आम्हीच लिहून दिल्यासारखं झालं. कायद्यानं जे बाळ आमचं जैविक मानलंय तेच आम्ही परकं म्हणून घेणार? शिवाय लग्न झालेल्या बाईला मूल झालं की तिचा नवराच बाप हे गृहीत धरायची पद्धत आपल्या पुराव्याच्या कायद्यात जुनी आहे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६. त्या गृहीतकातनं दाजींना आणि त्यांच्या दोन मुलांना बाहेर काढायलाच ती ऑर्डर असते. दत्तकपत्र त्यांना परत आत ओढतं.

दुसरा सल्ला डीएनए टेस्ट करा. आमच्या बाबतीत टेस्ट जुळलीच असती, बीज माझंच आहे. पण पालकत्व डीएनएवर ठरत नाही, आणि ते आमच्या टेस्टमुळं तसं ठरायला लागलं तर दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान होईल. २१ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलला, आता नवराबायकोपैकी एकाला वैद्यकीय अडचण असेल आणि जिल्हा मंडळानं तसं प्रमाणपत्र दिलं तर दात्याचं बीज घेता येतं, दुसरं मात्र त्या दोघांपैकी एकाचं पाहिजे. म्हणजे उद्या तुमच्याकडं अशी आई येईल जिचा डीएनए बाळाशी जुळणार नाही, आणि कायद्यानं तीच पूर्ण आई असेल. तिला तुम्ही टेस्ट मागितली तर काय होईल? मुंबई हायकोर्टात ऑगस्ट २०२४ ला एक निकाल झाला, सरोगसीनं जुळ्या मुली, बीज आईच्या बहिणीनं दिलेलं, पुढं नवराबायको वेगळे झाले आणि बाप म्हणायला लागला की बीज देणारी हीच खरी आई. कोर्टानं ते मान्य केलं नाही, बीज दिलं म्हणून आईचा हक्क येत नाही असं सांगितलं आणि आईला मुलींना भेटायला परवानगी दिली. तो निकाल मी वाचला त्या रात्री मला झोप चांगली लागली.

ओघात आलंच आहे तर हेही. ज्यांनी दात्याचं बीज घेऊन आयव्हीएफ केलंय पण बाळ स्वतःच्याच पोटात वाढवलंय त्यांना कोर्टाची ऑर्डर लागत नाही. त्यांचा कायदा वेगळा, एआरटीचा म्हणजे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा, त्याचं कलम ३१. बाळ त्या जोडप्याचं, दात्याचा काही हक्क नाही. त्यांचा फॉर्म नेहमीसारखाच भरायचा, डोनरबद्दल कुठं काही लिहायचं नाही, विचारायचंही नाही. आणि विधवा किंवा घटस्फोटित बाईनं सरोगसी केली असेल, वय पस्तीस ते पंचेचाळीसमधलं असेल तर कायद्यानं तिला परवानगी आहे, तिच्या ऑर्डरमध्ये एकच नाव असणार, तेव्हा बापाच्या रकान्यासाठी तिला अडवून धरू नका.

अजून एक प्रसंग सांगायचा राहिला. तिसऱ्या रात्री बाळाला कावीळ दिसली, बिलिरुबिन वाढलं, लाइटखाली ठेवायचं ठरलं. रात्री पावणेदोनला सिस्टर संमतीचा फॉर्म घेऊन आल्या, बाळाच्या आईची सही पाहिजे. मी पुढं झाले. त्या म्हणाल्या तुमची नाही चालणार, पेशंटची पाहिजे. बहिणीच्या टाक्यांना तीनच दिवस झालेले, नुकती कुठं झोप लागली होती, तिला उठवलं, ती कण्हत एका कुशीवर वळली, सही केली आणि मला म्हणाली, अक्का, असं का करायला लावतायत गं? तिला खरंच कळेना, आणि मला तिला सांगता येईना. तिच्या ऑपरेशनला तिची सही आणि बाळाच्या उपचाराला आमची, हे त्या ऑर्डरमध्ये ताबा या एका शब्दात आलेलं आहे. ती ऑर्डर चार फुटांवरच्या ट्रॉलीवरच्या फाईलमध्ये होती. मला वाटतं, जन्माच्या फॉर्मची चूक त्या रात्रीच पडून गेली होती, दादांनी दुसऱ्या दिवशी ती फक्त लिहून काढली.

म्हणून मागणं असं आहे. सरोगसीची पेशंट ॲडमिट होते तेव्हाच विचारा, कोर्टाची ऑर्डर कुठाय, आणि तिची एक प्रत केस पेपरच्या वर लावा, आत नाही. रात्रपाळीच्या सिस्टरला शिफ्ट देताना सांगा की बाळासाठी सही कुणाची. फॉर्म ऑनलाइन पाठवायच्या आधी एक प्रिंट काढून आईवडिलांना वाचायला द्या आणि त्यावर त्यांची सही घ्या. २१ दिवसांची मुदत असते, घाई नसते, एक दिवस थांबलात तर काही बिघडत नाही. ऑर्डर आहे पण मनात शंका आहे असं वाटलं तर नाव टाकून मोकळं होऊ नका, आधी निबंधकांना फोन करा, नोंद चढायच्या आधी विचारलेलं दोन मिनिटांत सुटतं. आणि कृपा करून आईला काउंटरवर सगळ्यांसमोर विचारू नका की बाळ तुमच्या पोटचं नाही ना मग. आत बोलवा. दाखल्यावर सरोगसी असा शब्द कुठंच येत नाही, तसा रकानाच नाही, मग तो शब्द वेटिंग हॉलमध्ये तरी का यावा.

आमचा दुरुस्त दाखला जानेवारीच्या अखेरीला आला. आईच्या रकान्यात माझं नाव आहे. पहिल्यांदा दाजींना दाखवायला इचलकरंजीला गेलो, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि बाळाला मांडीवर घेतलं. मूळ रजिस्टरातली ती जुनी ओळ मात्र तशीच आहे, समासात दुरुस्ती लिहून, आणि ती तशीच राहणार. बहिणीचं डिस्चार्ज कार्ड आम्ही प्लास्टिकच्या पाकिटात तिच्या विम्याच्या कागदांबरोबर ठेवलंय. तिच्या नावाचं, तिच्या रक्तगटाचं, ८ सप्टेंबरच्या तारखेचं. ते तिचं आहे.

ऑर्डरच्या अर्जाचा किंवा हॉस्पिटलच्या त्या चार ओळींच्या पत्राचा नमुना कुणाला पाहिजे असेल तर आमची नावं झाकून मी द्यायला तयार आहे, हॉस्पिटलांनाही आणि जोडप्यांनाही.

आपली,
कोल्हापुरातली एक आई